दोन चुकांनी सरळ झालेली रेषा

आमच्या विद्यापीठात स्क्विड मॅग्नेटोमीटर चालवणं हे माझं काम. रसायनशास्त्राचे विद्यार्थी चिमूटभर पावडर जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये भरून आणतात. मी ती कॅप्सूल प्लास्टिकच्या स्ट्रॉमध्ये बसवते आणि यंत्रात सोडते. मग तापमान हळूहळू खाली आणत ती पावडर चुंबकीय क्षेत्राला किती प्रतिसाद देते ते रात्रभर मोजलं जातं. सकाळी फाइल विद्यार्थ्याच्या हाती.

त्या सकाळी पीएचडी करणारी एक विद्यार्थिनी आली ती आलेख घेऊनच. तिचं संयुग तांब्याचं होतं. रेणूत तांब्याचा एकच आयन, आणि शेजारच्या रेणूतला तांब्याचा आयन बराच लांब. असे आयन एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे पदार्थ साधा पॅरामॅग्नेटिक, म्हणजे क्षेत्राच्या बाजूने किंचित वळणारा, निघायला हवा. तसाच निघाला होता. χ म्हणजे चुंबकीय ग्राह्यता तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलत असेल, तर χ ला तापमानाने गुणल्यावर आडवी सरळ रेषा मिळते. तिच्या आलेखात ५० केल्विनपासून ३०० केल्विनपर्यंत χT ०.४३ च्या आसपास होतं. आमच्याकडे अजून सीजीएस एककांतच बोलतात. एकच एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या तांब्यासाठी हा आकडा अगदी जिथल्या तिथे बसतो.

"मॅडम, क्युरीचा नियम तंतोतंत पाळतंय," ती म्हणाली.

मी सवयीने विचारलं, "डायामॅग्नेटिक करेक्शन केलंस ना?"

तिने केलं नव्हतं. रिकाम्या कॅप्सूलचं आणि स्ट्रॉचं माप तिने वजा केलं होतं, पण स्वतःच्या संयुगाचा डायामॅग्नेटिक वाटा तसाच राहिला होता. ही चूक बरेच जण करतात, कारण डायामॅग्नेटिक म्हटलं की पाणी, बिस्मथ, ग्राफाइट असे वेगळे पदार्थ डोळ्यांपुढे येतात. खरं तर डायामॅग्नेटिक प्रतिसाद प्रत्येक अणूत असतो. क्षेत्र लावलं की इलेक्ट्रॉनांच्या फिरण्यात किंचित बदल होतो आणि क्षेत्राच्या उलट दिशेने एक इवलासा चुंबकीय आघूर्ण तयार होतो. जोडीने बसलेले इलेक्ट्रॉनही याला अपवाद नाहीत. तिच्या रेणूत तांब्याचा एकटा इलेक्ट्रॉन एक, आणि त्याच्या भोवती कार्बन, नायट्रोजन, हायड्रोजन यांचे जोडीतले इलेक्ट्रॉन दोनशेच्या घरात. हे सगळे उलट्या बाजूला ओढत असतात.

हा वाटा मोजण्यासाठी पॉल पास्कलचे तक्ते आहेत (दाबाच्या एककाला ज्याचं नाव दिलंय तो पास्कल वेगळा). प्रत्येक अणूचा ठरलेला आकडा घ्यायचा आणि बेरीज करायची. घाईत असलो तर रेणुभाराच्या निम्मे घेऊन दहा लाखांनी भागायचं आणि उणे चिन्ह लावायचं. तिचा रेणुभार ४०० च्या आसपास, म्हणजे डायामॅग्नेटिक ग्राह्यता उणे ०.०००२. तांब्याची स्वतःची ३०० केल्विनला साधारण ०.००१४. म्हणजे सातवा हिस्सा. सोडून देण्याइतकी लहान गोष्ट नव्हे.

तिने माझ्या शेजारी बसूनच दुरुस्ती केली, आणि रेषा वाकली. ५० केल्विनला χT ०.४४ झालं, १०० ला ०.४५ आणि ३०० ला जवळजवळ ०.५०. चूक होती तेव्हा आलेख सरळ होता आणि दुरुस्त केल्यावर तिरका झाला. ती माझ्याकडे बघत राहिली. मलाही क्षणभर काही सुचलं नाही.

मग तिलाच एक कल्पना सुचली आणि ती खुलली. तांब्याचे आयन जोडीजोडीने एकमेकांविरुद्ध वळत असतील तर? तसं असेल तर थंडीत जोड्या गप्प होतात आणि तापमान वाढलं की χT चढतं. नवीन संयुगात अँटिफेरोमॅग्नेटिक जोड सापडणं म्हणजे शोधनिबंधाला चांगला विषय. पण तशा जोडीचा आलेख वाकडा असतो. थंडीत तो खाली कोसळतो आणि वर जाताना हळूहळू सपाट होतो. तिचा आलेख पट्टी ठेवून काढल्यासारखा तिरका होता. χT तापमानाबरोबर सरळ रेषेत चढत असेल तर त्याचा अर्थ एकच: χ मध्ये तापमानाशी काहीच देणंघेणं नसलेली एक ठरावीक रक्कम मिसळली आहे.

तांब्याच्या आयनात अशी एक छोटी रक्कम खरोखर असते. वरच्या पातळ्यांची थोडी सरमिसळ होऊन ती येते, आणि तिच्यासाठी साधारण ०.००००६ धरतात. आम्हाला हवी होती ०.०००२२, म्हणजे पावणेचार पट. तेवढी तांबं देत नाही.

१८९५ मध्ये पिएर क्युरीने नेमका हाच भेद मोजून दाखवला होता. पॅरामॅग्नेटिक पदार्थ गरम केला की त्याची ग्राह्यता उतरते, डायामॅग्नेटिक पदार्थाला तापमानाने जवळजवळ फरक पडत नाही. तापमानाला दाद न देणारा धन वाटा कुठून आला, हा आमचा प्रश्न होता. माझा संशय लोखंडावर होता.

त्यासाठी अणूंच्या पातळीवर काय चाललंय ते तिच्यासमोर मांडलं. तांब्याच्या आयनाचा एकटा इलेक्ट्रॉन म्हणजे एक छोटा चुंबक, साधारण एक बोर मॅग्नेटॉनचा. आमच्या मापातलं एक टेस्लाचं क्षेत्र त्याला वळवू बघतं, पण त्या ओढीची ऊर्जा तापमानाच्या भाषेत केल्विनपेक्षाही कमी, पाऊण केल्विनच्या आतबाहेर. ३०० केल्विनची धडपड तिच्या चारशे पट. म्हणून खोलीच्या तापमानाला हजार आयनांपैकी जेमतेम ५०१ क्षेत्राच्या बाजूने असतात आणि ४९९ उलट. आपण मोजतो तो या दोघांतला फरक. ५० केल्विनला हेच ५०७ आणि ४९३ होतात. तापमान सहाव्या हिश्श्यावर आलं, फरक सहापट झाला. क्युरीचा नियम म्हणतात तो हाच.

लोखंडाच्या अणूचा आघूर्ण साधारण २.२ मॅग्नेटॉन, तांब्याच्या दुप्पट. तेवढ्याने एवढा फरक पडायचं कारण नाही. फरक असा की लोखंडातले शेजारी अणू आपापसांत घट्ट बांधलेले असतात. ही बांधणी त्यांच्या चुंबकीय ओढीची नव्हे. ती ओढ केल्विनभरच्या उष्णतेतही मोडली असती. इलेक्ट्रॉनांमधलं विद्युत प्रतिकर्षण आणि पाउलीचा नियम यांच्यातून निघणारी ही एक्स्चेंजची बांधणी १०४३ केल्विनपर्यंत टिकते. ३०० केल्विनला लोखंडाचे आघूर्ण बहुतेक ओळीतच उभे असतात, बाहेरच्या क्षेत्राला फक्त ओळींची तोंडं एका बाजूला करायची असतात. म्हणून एक टेस्लात, ३०० केल्विनला, लोखंडाचा एक अणू तिच्या तांब्याच्या आठशेहून अधिक आयनांचं काम करतो. आणि ५० केल्विनला न्या किंवा ३०० ला, त्याचं माप फारसं हलत नाही.

तिच्या ४० मिलिग्रॅम पावडरीतला जास्तीचा आघूर्ण मी आकड्यात काढला: ०.०००२२ ईएमयू. एक ग्रॅम लोखंड पूर्ण भरल्यावर, म्हणजे त्याच्या सगळ्या ओळींची तोंडं एका बाजूला झाल्यावर, साधारण २२० ईएमयू देतं. भागाकार केला तर उत्तर आलं एक मायक्रोग्रॅम. चाळीस मिलिग्रॅममध्ये एक मायक्रोग्रॅम, म्हणजे चाळीस हजारांत एक भाग. मॅग्नेटाइट असलं तर सुमारे अडीचपट लागेल, इतकंच. कुठल्याही रासायनिक विश्लेषणात ते सहज नजरेतून सुटलं असतं.

तापमानाने एवढं सांगितलं, पण पुरावा क्षेत्राकडून हवा होता. लोखंड भरून जातं. ठरावीक क्षेत्रानंतर त्याचा आघूर्ण वाढत नाही, तांब्याचा मात्र वाढत राहतो. दुपारी तीच कॅप्सूल परत यंत्रात घातली, ३०० केल्विनवर थांबवली आणि पाच टेस्लापर्यंत मोजलं. सुरुवातीला आघूर्ण झपकन चढला. एक टेस्लाच्या पुढे अगदी सरळ रेषा. ती रेषा मागे शून्य क्षेत्रापर्यंत वाढवली तर ती शून्यातून जायला हवी होती. ती गेली ०.०००२२ वरून. एक टेस्लाला दुरुस्त χT ०.५० येत होतं, पाच टेस्लाला ०.४४. खरा पॅरामॅग्नेट या तापमानाला क्षेत्र बदललं म्हणून ग्राह्यता बदलत नाही. होंडा आणि ओवेन यांच्या नावाने ओळखली जाणारी जुनी रीत हीच: χ चा आलेख १/H समोर काढायचा, H म्हणजे क्षेत्र, आणि क्षेत्र अनंत असतं तर काय मिळालं असतं ते वाचायचं. तिथे ०.४३ मिळत होतं.

हे खोलीच्या तापमानालाच करायचं, असं तिला बजावलं. दोन केल्विनला पाच टेस्लात तांबं स्वतःच भरायला लागतं, मग कोण कुणाचं ते वेगळं करता येत नाही.

आता लोखंड आलं कुठून? तिने कृती सांगितली. पदार्थ काचेच्या सच्छिद्र फनेलवर गाळला, वाळल्यावर कडक पापुद्रा झाला, तो स्पॅच्युलाने खरवडून काढला. स्पॅच्युला मागवला. स्टेनलेस स्टीलचा होता, आणि स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही अशी तिची समजूत. दांड्याला खरंच चिकटला नाही. पण ठोकून चपट्या केलेल्या टोकाला लहानसा निओडिमियम चुंबक टच्चकन बसला. या जातीचं स्टील ठोकलं-वाकवलं की तेवढ्या भागातली स्फटिकरचना बदलते आणि तो भाग फेरोमॅग्नेटिक होतो. काच त्याहून कठीण. खरवडताना स्टीलच झिजलं होतं.

म्हणजे तिच्या पहिल्या आलेखात उणे ०.०००२ डायामॅग्नेटिझमचे होते आणि अधिक ०.०००२२ स्पॅच्युलाचे. दोन्ही तापमानाला बेपर्वा, दोन्ही जवळपास सारखे, चिन्ह उलट. एकमेकांना खाऊन त्यांनी रेषा सरळ ठेवली होती. मी प्रश्न विचारला नसता तर ती तशीच प्रबंधात गेली असती, आणि आकडाही बरोबर दिसला असता.

पुढच्या आठवड्यात तिने नवीन बॅच आणली. पापुद्रा प्लास्टिकच्या चमच्याने सोडवलेला, कॅप्सूल प्लास्टिकच्या चिमट्याने भरलेली. आधी क्षेत्राचं माप घेतलं. रेषा शून्यातून गेली. मग रात्रभर तापमानाचं. सकाळी तिने मुद्दाम दोन्ही आलेख शेजारी शेजारी छापून आणले. दुरुस्त केलेला ०.४३ वर आडवा. न केलेला या वेळी तापमानाबरोबर खाली झुकत गेला होता आणि ३०० केल्विनला ०.३७ वर येऊन थांबला होता.