एका मुलीच्या तीन पत्रिका

२०२४ च्या जुलैत लोअर परळला एका कंपनीत मुलाखतीला गेले होते. पाऊस, छत्री, ओली चप्पल, सगळं साग्रसंगीत. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. स्क्रीनवर तीन टॅब होते. माझं लिंक्डइन, माझी वेबसाइट आणि माझं गिटहब.

"हा सोसायटीच्या बिलांचा प्रोजेक्ट," त्या म्हणाल्या. "इथे लिहिलंय जँगो आणि रिअ‍ॅक्ट, काम चालू आहे. तुमच्या साइटवर लिहिलंय फ्लास्क. आणि गिटहब म्हणतंय ९३ टक्के जुपिटर नोटबुक, शेवटचं काम आठ महिन्यांपूर्वीचं. यातलं खरं काय?"

गंमत म्हणजे यातलं बहुतेक सगळं कधी ना कधी खरं होतं. पण ते नीट सांगायला मला पाच मिनिटं लागली आणि त्या पाच मिनिटांत मी सारवासारव करते आहे असं मलाच वाटायला लागलं. पुढे त्यांचा फोन आला नाही. कारण हेच होतं असं मी म्हणत नाही.

घरी भांडुपला आल्यावर मावसभावाला फोन केला. तो भरतीच्या कामात आहे. त्याने तिन्ही पानं उघडली आणि हसायलाच लागला. "अगं, एका मुलीच्या तीन पत्रिका घेऊन फिरतेस तू. कोणती जुळवायची?"

आधी प्रोजेक्टबद्दल. आमच्या सोसायटीत ४८ बिऱ्हाडं आहेत. बाबा खजिनदार. मेंटेनन्स, सिंकिंग फंड, पार्किंग, भाड्याने दिलेल्या घरांचा वेगळा आकार, हे सगळं ते एक्सेलमध्ये करायचे आणि दर महिन्याला कुणाचं तरी बिल चुकायचं. जून २०२१ मध्ये मी फ्लास्कमध्ये एक छोटं अ‍ॅप केलं. २०२३ मध्ये ते जँगोवर नेलं, कारण जँगोत अ‍ॅडमिनची स्क्रीन आयती मिळते आणि बाबांना नोंदी स्वतः भरता येतात. वेबसाइट २०२१ मध्ये लिहिली आणि तशीच राहिली, म्हणून तिथे फ्लास्क. लिंक्डइन नोकरी शोधताना बदललं, म्हणून तिथे जँगो. रिअ‍ॅक्ट मात्र शुद्ध इच्छा होती. एक ब्रँच काढली होती, दोन कमिट केले आणि सोडून दिलं. लिंक्डइनवर ते टाकताना मी स्वतःला सांगितलं असणार की पुढच्या महिन्यात पूर्ण करूच.

दुरुस्तीची सुरुवात मी चुकीच्या टोकाने केली. लिंक्डइन उघडलं आणि वाक्यं सुधारत बसले. तासाभराने लक्षात आलं की आठवणीतूनच लिहिते आहे, आणि आठवणीनेच तर घोळ घातला होता. मग वही घेतली आणि आधी कोडला विचारलं. प्रत्येक रेपॉझिटरीत जाऊन हे तीन कमांड:

```
git log --reverse --format=%as | head -1
git log -1 --format=%as
git shortlog -sn
```

पहिला कमांड पहिल्या कमिटची तारीख देतो, दुसरा शेवटच्या, तिसरा कोणाचे किती कमिट ते. सोसायटीच्या प्रोजेक्टला जून २०२१ ते नोव्हेंबर २०२३ आलं आणि कमिट सगळे माझे. म्हणजे लिंक्डइनवरचं 'आजपर्यंत' गेलं. अ‍ॅप अजून वापरात आहे, काम मात्र थांबलंय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही लिहिता येतात.

लिंक्डइनवर काय काय पसरलंय ते पानं सरकवून कळत नाही. सेटिंग्जमध्ये डेटा प्रायव्हसीखाली आपल्या डेटाची प्रत मागवता येते. झिपमध्ये `Positions.csv`, `Projects.csv`, `Skills.csv` अशा फाइली येतात. स्किल्सची फाइल उघडली तर ३८ ओळी. त्यात सी++ होतं, जे मी दुसऱ्या वर्षानंतर हातात धरलेलं नाही, आणि कुबेरनेटीस होतं, ज्याचं एक ट्युटोरियल मी एका रविवारी केलं होतं. मी एकच नियम लावला: ज्या कौशल्यापुढे वहीतला एखादा प्रोजेक्ट किंवा नोकरी लिहिता येत नाही ते काढायचं. १४ उरली. सी++ काढताना जरा जीव तुटला, कारण स्किल काढलं की त्यावरच्या एन्डॉर्समेंटही जातात, आणि तिथे माझ्या काकांसह अकरा जणांनी मला पसंती दिली होती. काका पोस्टातून निवृत्त झालेत.

आता ते ९३ टक्के. गिटहबवर प्रत्येक रेपॉझिटरीच्या बाजूला भाषांची रंगीत पट्टी असते. ती फाइलींच्या आकारावरून ठरते, कोणी किती मेहनत केली यावरून नव्हे. माझ्या रेपॉझिटरीत बिलांच्या थकबाकीचे आलेख काढलेली एकच नोटबुक होती. नोटबुकमध्ये आलेखांची चित्रंसुद्धा मजकूर म्हणून साठवली जातात, त्यामुळे ती एकटी ९४० केबी भरली. बाकीचं सगळं पायथॉन ५६ केबी आणि एचटीएमएल १४. बघणाऱ्याला वाटणार की ही मुलगी आलेख काढते, अ‍ॅप कुठेय?

उपाय एका ओळीचा आहे. रेपॉझिटरीच्या मुळाशी `.gitattributes` नावाची फाइल करून त्यात:

```
*.ipynb linguist-documentation
```

म्हणजे नोटबुक हा कागदपत्रांचा भाग, मोजणीत धरू नका. मी हे आधी वेगळ्या ब्रँचवर टाकलं आणि अर्धा तास पट्टी बदलायची वाट बघत बसले. ती डीफॉल्ट ब्रँचवरूनच मोजली जाते. `main` मध्ये आणल्यावर थोड्या वेळाने पायथॉन ८० आणि एचटीएमएल २० दिसायला लागलं. (नोटबुक लपवली नाही. ती तिथेच आहे, वाचता येते.)

यानंतर प्रश्न होता की पुन्हा घोळ होऊ नये म्हणून काय करायचं. पहिला विचार: तिन्हीकडे एकच मजकूर चिकटवावा. करून पाहिलं, वाईट दिसलं. लिंक्डइनवर माणूस अर्धा मिनिट थांबतो, साइटवर ज्याला रस आहे तोच येतो, आणि रेपॉझिटरीची रीडमी अशा माणसासाठी असते ज्याला कोड चालवून बघायचाय. त्याला बाबांच्या एक्सेलची कहाणी नको, `pip install` कुठे करायचं ते हवं. मावसभाऊ म्हणाला, "शब्द वेगळे असू देत गं, पण सहा गोष्टी हलायला नकोत. नाव, काय करतं त्याची एक ओळ, तारखा, तुझा वाटा, तंत्रज्ञान, आणि आज काय अवस्था आहे."

त्या सहा गोष्टी मी एका फाइलीत ठेवल्या. माझी साइट जेकिलवर आहे, गिटहब पेजेसवरून चालते, आणि जेकिल `_data` फोल्डरमधली फाइल थेट वाचतं:

```yaml
- name: society-hishob
  line: "सोसायटीच्या मासिक बिलांचा हिशोब"
  from: 2021-06
  to: 2023-11
  role: "एकटीने"
  tech: [Python, Django, SQLite]
  state: "वापरात; नवीन काम थांबलेलं"
```

साइटवरची प्रोजेक्टची चौकट यातून आपोआप बनते. गिटहबवरचं छोटं वर्णन यातलीच `line` उचलून `gh repo edit --description` ने टाकते. लिंक्डइन मात्र हातानेच. माझ्यासारख्या साध्या खातेदाराला बाहेरून प्रोफाइल बदलण्याची सोय नाही, त्यामुळे फाइल बदलली की त्याच बैठकीत लिंक्डइन उघडायचं, नंतर करू म्हटलं की राहिलंच. आणि नोकरीच्या तारखा सुधारण्याआधी नेटवर्कला कळवण्याचं बटण बंद आहे ना ते बघायचं. मी बघितलं नाही. इंटर्नशिपची तारीख दोन महिन्यांनी मागे घेतली आणि नव्या नोकरीबद्दल चार जणांची अभिनंदनं आली. त्यांना काय उत्तर द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

एक फट बुजवता येत नाही. २०२२ पासूनचं माझं रोजचं काम ऑफिसच्या बंद रेपॉझिटरीत आहे, वेगळ्या सर्व्हरवर. लिंक्डइन म्हणतं ही बाई रोज कोड लिहिते, आणि गिटहबचा हिरवा तक्ता जवळजवळ कोरा. त्यासाठी प्रोफाइलवरच दोन ओळी टाकल्या. आपल्या युजरनेमच्याच नावाची सार्वजनिक रेपॉझिटरी करून तिच्यात `README.md` ठेवली की ती प्रोफाइलच्या डोक्यावर दिसते. तिथे लिहिलं की ऑफिसचं काम इथे नाही, इथे आहेत ते घरचे चार प्रोजेक्ट. पिन सहा करता येतात. मी चारच केले, कारण बाकीचे दोन म्हणजे कोर्सचे गृहपाठ होते.

चार दिवसांनी नवी भानगड. रेपॉझिटरीचं जुनं नाव `society-app` होतं, ते मी फाइलीशी जुळावं म्हणून `society-hishob` केलं. गिटहब जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप नेतं हे माहीत होतं, म्हणून निर्धास्त होते. पण ती सोय रेपॉझिटरीच्या पत्त्याला आहे. तिच्यावरून चालणाऱ्या पेजेसच्या पत्त्याला नाही. त्या रेपॉझिटरीत मी नकली आकड्यांचं एक प्रात्यक्षिक पान ठेवलं होतं आणि लिंक्डइनच्या फीचर्डमध्ये त्याचीच लिंक होती. मावसभावाने स्क्रीनशॉट पाठवला, मोठ्या अक्षरात ४०४. तेव्हापासून नाव बदललं की तिन्ही पानांवरची प्रत्येक लिंक लॉग-इन नसलेल्या खिडकीत दाबून बघते. फीचर्डची लिंक बदलली तरी जुनंच चित्र दिसत होतं. लिंक्डइनच्या पोस्ट इन्स्पेक्टरमध्ये पत्ता टाकून ते ताजं करून घ्यावं लागलं.

शेवटचा राहिला कॉलेजचा प्रोजेक्ट, चौघांनी केलेला. `shortlog` ने सांगितलं: १४३ कमिट, त्यातले माझे ३१. लिंक्डइनवर मी लिहिलं होतं 'टीम लीड'. शिवाय माझ्या खात्यावर होती ती फोर्क, मूळ रेपॉझिटरी मैत्रिणीच्या खात्यावर. कमिटची संख्या म्हणजे कामाचं माप नव्हे, हे मान्य. रिपोर्ट मी लिहिला, सादरीकरण मी केलं. पण लीड?

बदलण्याआधी ग्रुपवर विचारलं. दहा मिनिटं शांतता. मग मैत्रिणीचा फोन.

"अगं, तू लीड नव्हतीस. मी होते."

"तुझ्या प्रोफाइलवर आहे का तसं?"

"आहे ना. आणि आपल्यातल्या तिसऱ्याच्याही आहे, आत्ताच बघितलं."

चौघांत तिघे लीड. चौथा मुलगा, ज्याचे ६२ कमिट होते, त्याच्या लिंक्डइनवर हा प्रोजेक्टच नव्हता. आता माझ्या फाइलीत लिहिलंय: "चौघांपैकी एक, लॉगिन आणि रिपोर्टचा भाग माझा". फोर्क काढून टाकली आणि लिंक मूळ रेपॉझिटरीला दिली. मैत्रिणीने तिचं अजून बदललेलं नाही. बघते म्हणाली.