गुरिगे नमन

बेळगावच्या शहापुरात एका छापखान्यात मी मुद्रितं तपासतो. काम पत्रिका, पावतीपुस्तकं, सत्काराची निमंत्रणं असलंच, आणि निम्म्याहून जास्त दोन भाषांत: वर कन्नड, खाली मराठी. मराठीची जबाबदारी माझी. कन्नड मला बोलता येतं, वाचता येतं, आणि बावीस वर्षं इथं काढल्यामुळं जरा जास्तच येतं असं मला वाटायचं.

त्या दिवशी एका शाळेच्या मास्तरांच्या निवृत्तीच्या सत्काराचं निमंत्रण होतं, पाचशे प्रती. आमचा ऑपरेटर बैलहोंगलकडचा कानडी पोरगा. कन्नड नुडीत, मराठी श्रीलिपीत, दोन्ही झपाट्यानं टाइप करतो. मराठी मजकुरात त्यानं ‘वेळेवर येवून’ आणि ‘आशीर्वाद देवून’ असं केलं होतं. मी लाल पेनानं दोन्ही ‘व’ उडवले आणि वर चारचौघांत त्याला सुनावलं, की तुमच्या कानड्यात दोन स्वर शेजारी आले की मध्ये काहीतरी खुपसायची सवय आहे, ती मराठीत आणू नको. तो काही बोलला नाही. ‘बरं अण्णा’ म्हणाला आणि दुरुस्त करून जेवायला गेला.

तो जेवायला गेलेला असताना मी कन्नड भाग चाळला. मथळा होता ‘गुरुविगे नमन’. मला ते ‘वि’ खटकलं. ऊरु म्हणजे गाव, गावाला म्हणजे ‘ऊरिगे’. हेसरु म्हणजे नाव, नावाला म्हणजे ‘हेसरिगे’. शेवटचा ‘उ’ पडतो आणि ‘इगे’ लागतं. मग गुरूला ‘गुरिगे’ व्हायला हवं. मीच मशीनवर बसलो, ‘रुवि’चं ‘रि’ केलं, प्लेट गेली.

संध्याकाळी प्रती न्यायला आलेल्या कन्नडच्या बाई वरची प्रत बघून आधी हसल्या आणि मग गप्प झाल्या. कन्नडमध्ये ‘गुरि’ असा वेगळा शब्द आहे. गुरि म्हणजे निशाण, नेम धरायचं लक्ष्य. ‘गुरिगे नमन’ म्हणजे निशाणाला वंदन. ज्यांनी तीस-पस्तीस वर्षं पोरांवर नेम धरून खडू मारले, त्यांना ते एका अर्थानं शोभलंही असतं, पण पाचशे प्रती रद्दीत गेल्या. मालक मला काही बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

मग दुसरी प्लेट होईपर्यंत पोरानं मला शिकवलं. शाळेत मला संधी म्हणून ‘इत्यादी’ आणि ‘देवालय’ शिकवलं होतं, म्हणजे संस्कृतचे. तोंडात रोज होणारे कुणी शिकवले नाहीत. तो म्हणाला, कन्नडमध्ये एका शब्दाच्या शेवटी स्वर आणि पुढच्याच्या सुरुवातीला स्वर आला की दोन वाटा. एक, पहिला स्वर गाळायचा: नीरु आणि इल्ल मिळून ‘नीरिल्ल’, पाणी नाही, हालु आणि इल्ल मिळून ‘हालिल्ल’, दूध नाही. दुसरी, मध्ये य किंवा व घालायचा: मने आणि इंद मिळून ‘मनेयिंद’, घरातून. एसटीच्या पाट्यांवर ‘बेळगावियल्लि’ मी हजारदा वाचलंय. त्यातला तो ‘य’ कशाला, हे कधी मनात आलं नव्हतं.

आता कुठं गाळायचं आणि कुठं घालायचं? त्यानं कागदावर दोन रांगा काढल्या. एकीकडं ऊरु, हालु, कण्णु, मातु, हेसरु. दुसरीकडं गुरु, हसु (गाय), करु (वासरू), मगु (मूल). पहिल्या रांगेतले ‘उ’ पडतात, दुसऱ्या रांगेतले राहतात आणि ‘व’ मागतात: हसुविगे, करुविगे, मगुविगे. मला फरक दिसेना. ‘मोजून बघा’ म्हणाला. दुसऱ्या रांगेत शब्द दोनच अक्षरांचा आणि दोन्ही अक्षरं लघू. पहिल्या रांगेत एक तरी अक्षर गुरू आहे, किंवा शब्दच तीन अक्षरांचा आहे. तिथला ‘उ’ नुसता टेकू, व्यंजनावर शब्द थांबू नये म्हणून लावलेला. आपल्या ‘बस’ला तो ‘बस्सु’ म्हणतो, त्यातला ‘उ’ तसलाच, म्हणून बसला म्हणजे ‘बस्सिगे’. टेकू काढला तरी शब्द उभा राहतो. गुरूचा ‘उ’ मात्र घरचा आहे. तो काढला की उरतं ‘गुर्’, त्यात गुरू शिल्लकच नाही. हा हिशोब सगळीकडं चालत नाही. ‘वस्तु’त पहिलं अक्षर गुरू आहे तरी ‘वस्तुवन्नु’च होतं, कारण तो संस्कृतातून आलेला आणि त्याचा ‘उ’ मूळचाच. कानडी तोंडाला मात्र मोजणी लागत नाही.

मलाही बदल्यात काहीतरी द्यावंसं वाटलं. ‘येऊन’ला व नको आणि ‘ठेवून’ला हवा, हे त्याला कधीच पटलेलं नव्हतं. त्याच्या लेखी मी लहरी होतो. मी म्हटलं, आधी हुकूम देऊन बघ. ये, जा, घे, दे, खा: व नाही, म्हणून येऊन, जाऊन, घेऊन, देऊन, खाऊन. ठेव, जेव, धाव, लाव: व आहे, म्हणून ठेवून, जेवून, धावून, लावून. मराठी दोन स्वर शेजारी बसू देते. आई, ताई, पाऊस, देऊळ. पण शब्द चालायला लागला की तीही व काढते: पाऊस-पावसात, देऊळ-देवळात, भाऊ-भावाला.

त्यानं हुकूमवाली युक्ती लगेच उचलली. मग थोडा विचार करून म्हणाला, ‘अण्णा, सकाळी तुम्ही म्हणालात मी कानडी सवय आणली. कानडी असती तर मी येवून लिहिलं नसतं. येयून लिहिलं असतं.’

मला कळेना. त्यानं ‘मनेयूट’ लिहून दाखवलं, खानावळीच्या पाटीवर असतं ते: मने आणि ऊट, घरचं जेवण. पुढं ऊ आहे, तरी मध्ये य. कारण त्यांच्याकडं मागचा स्वर ठरवतो. मागं इ-ए असेल तर य, उ-ओ असेल तर व. ‘गुरुविगे’त पुढं इ असूनही व आहे, तो मागच्या उ-चा. ‘ये’च्या पुढं कन्नडच्या हिशोबानं य-च यायला हवा. ‘येवून’मधला व येतो तो पुढच्या ऊ-मुळं, ओठ आधीच गोल व्हायला लागतात त्यातून. ही खोड मराठी तोंडाची. मी घरी जाताना चार वेळा म्हणून बघितलं. गणपत गल्लीच्या कोपऱ्यावर भाजीवाली ‘जावून येते’ म्हणाली, तेही ऐकलं.

दुसऱ्या दिवशी नवीन प्रती गेल्यावर मी खिळ्याला लावलेला मूळ कागद काढला. शाळेच्या मराठीच्याच मास्तरांचं वळणदार, घोटीव अक्षर. ‘वेळेवर येवून’. खाली सही. पोरानं आहे तसं टाइप केलं होतं, आणि आमच्याकडं ऑपरेटरला सूचना तीच असते. कागद मी परत खिळ्याला लावला. तो समोर बसून कुणाच्या तरी लग्नपत्रिकेत ‘घेऊन’ टाइप करत होता, आणि प्रत्येक वेळी आधी पुटपुटत होता, ‘घे... व नाही.’