अंगठा

काल रात्री ११:४० ला मैत्रिणीची व्हॉइस नोट आली, पावणेचार मिनिटांची. मी झोपेत होते, अर्धीच ऐकली आणि अंगठा पाठवला. सकाळी बघते तर मेसेज, "अंगठा काय पाठवतेस? ऑफिसचा ग्रुप आहे का हा?"

विषय मिक्सरचा. तिचा नवरा येऊन मिक्सर घेऊन गेला पण चटणीचं छोटं भांडं इथेच राहिलं, म्हणजे आता त्याच्याकडे भांडं नाही आणि हिच्याकडे मिक्सर नाही. मला हसू आलं होतं खरं तर. पण तिला माझ्याकडून एकच शब्द हवा होता, हलकट. "बोल ना, हलकट आहे की नाही?"

नाही निघत तोंडातून. तो वाईट वागला तिच्याशी, हे मी तिला दहा वेळा म्हटलंय, आणि त्यावर माझं दुमत नाहीच. पण बाबा अ‍ॅडमिट होते तेव्हा दोन रात्री बाहेरच्या बाकड्यावर कोण बसलं होतं, ते मला कसं विसरता येईल. हे तिला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे तू त्याच्या बाजूने."

आणि दिवाळीत एकदा हो ला हो केलं होतं की मी. "स्वार्थीच आहे तो," म्हणाले, तिला बरं वाटावं म्हणून. आठवड्याने दोघांचं पॅचअप, आणि ते वाक्य माझ्या नावासकट त्याच्यापर्यंत पोचलेलं. पुढे पॅचअप पंधरा दिवसही टिकलं नाही, माझं वाक्य मात्र टिकलं. अजून तो दिसला की मीच नजर चुकवते.

आता म्युच्युअल घटस्फोटाचा अर्ज झालाय, दुसऱ्या तारखेपर्यंत सहा महिने. सहा महिने रोज रात्री ११:४०! माझंही काही असतं की नाही, मला कोणी विचारतं का... जाऊ दे, तो विषय नको.

मला लागलं ते वेगळंच. ती रडते तेव्हा मी तासन् तास ऐकते, ते कुठेच धरलं जात नाही. हलकट म्हटलं नाही तेवढं मात्र लगेच धरलं जातं. की मीच भित्री आहे, दोघांकडे चांगलं राहायचंय म्हणून गप्प बसते? असेल थोडं तसंही.

दुपारी तिचा फोन, एकदम नॉर्मल आवाजात. "माझं भांडं तुझ्या मिक्सरला बसेल का गं?" नाही बसत, खालचा खाचा वेगळा आहे. मग मीच ओल्या नारळाची चटणी वाटून स्टीलच्या डब्यातून नेली. तिने इडली बुडवली, खाल्ली, म्हणाली, "तो यात साखर घालायचा."

मी म्हटलं, "हं."

तिने जरा वेळ बघितलं माझ्याकडे, आणि डबा पुढे ओढला.