आधी धूळ, मग पेस्ट: लॅपटॉप थंड करण्याचा माझा अनुभव

गेल्या मे महिन्यात माझा पाच वर्षांचा लॅपटॉप साध्या एक्सेल फाइलवरही अडखळायला लागला. पंखा सकाळपासून घोंघावत असायचा, पण डाव्या बाजूच्या जाळीपाशी हात धरला तर वारा जेमतेम लागायचा. पंखा जोरात फिरतोय आणि बाहेर वारा येत नाही, म्हणजे बहुतेक वेळा वाट अडलेली असते. पंख्याचं बेअरिंग गेलं असेल तर आवाज वेगळा येतो, खरखर किंवा टकटक.

आमच्या भागातल्या दुरुस्तीवाल्या दादांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, पेस्टचं नंतर बघू. आधी खोलून पंखा साफ करा आणि आकडे बघा." पेस्ट म्हणजे प्रोसेसरची चिप आणि तिची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग, म्हणजे हीटसिंक, यांच्यामध्ये लावतात ती थर्मल पेस्ट. दादांच्या त्या एका वाक्यामुळे मी काम दोन टप्प्यांत केलं आणि मध्ये मोजमाप घेतलं.

मोजायला HWiNFO हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर वापरलं. दरवेळी तोच वीस मिनिटांचा व्हिडिओ HandBrake मध्ये रूपांतरित करायला लावायचा, तेही त्याच टेबलावर, दुपारीच. उघडण्याआधी लॅपटॉप रिकामा असताना ६१ अंश दाखवत होता आणि काम सुरू झालं की ९८. "Core Thermal Throttling" समोर Yes आलं होतं. याचा अर्थ, जळू नये म्हणून चिप स्वतःच आपला वेग कमी करत होती.

रविवारी सकाळी उघडायला घेतलं. विंडोजमध्ये शटडाउन करताना शिफ्ट दाबून ठेवलं, म्हणजे मशीन अर्धवट झोपत नाही, पूर्ण बंद होतं. चार्जर काढला. खालच्या झाकणाला आठ स्क्रू दिसत होते, तरी ते हलेना. मागच्या रबरी पट्टीखाली आणखी दोन निघाले. झाकण अडलं की जोर लावायचा नाही, लपलेला स्क्रू शोधायचा. कागदावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावला, कारण त्यांची लांबी सारखी नसते आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर आतल्या भागाला भोक पाडू शकतो. मग जुनं एटीएम कार्ड फटीत सरकवत झाकण चहूबाजूंनी सोडवलं.

आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचं. तारांना न ओढता कनेक्टरचे दोन्ही कान नखाने मागे सरकवून तो सोडवला आणि पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून ठेवलं. बॅटरी जराही फुगलेली दिसली असती तर मी तिथेच थांबले असते. फुगलेल्या बॅटरीशेजारी पेचकस चालवायचा नाही.

पंखा तीन स्क्रूंवर होता. तो उचलला आणि कारण समोरच दिसलं. पंखा आणि तांब्याच्या पातळ पत्र्यांची जाळी यांच्यामध्ये राखाडी धुळीची पट्टी बसली होती, नमद्यासारखी दाट, दोन-तीन मिलिमीटर जाड. चिमट्याने धरली तर अख्खी निघाली. मी वर्षभर बाहेरून ब्रशने जाळी पुसत होते आणि बाहेरून ती स्वच्छच दिसायची. पंखा खालून हवा ओढून जाळीतून बाहेर फेकतो, म्हणून धूळ जाळीच्या आतल्या तोंडाशी साचते. बाहेरून फुंकलं तर ती फक्त सुटून पुन्हा पात्यांवर पडते.

पाती बोटाने धरून मऊ ब्रशने साफ केली आणि कॅमेऱ्याच्या रबरी फुग्याने उरलेली धूळ उडवली. पातं मोकळं सोडून जोराची हवा मारली तर पंखा भरमसाट वेगाने फिरून बेअरिंग खराब होऊ शकतं. व्हॅक्यूम क्लीनर मी जवळ आणला नाही, त्याच्या नळीवर स्थिर वीज साचते. सगळं परत लावून मोजलं: ९८ चे ८६ झाले आणि Yes चं No. या सगळ्याला तासभर लागला.

नवख्या माणसाने बिनधास्त करावं असं काम इथपर्यंतचं आहे, कारण यात चिपवरचं काहीच हलत नाही. काही मॉडेलमध्ये मात्र पंखा मदरबोर्डच्या उलट्या बाजूला असतो आणि त्यासाठी अख्खा बोर्ड काढावा लागतो. तसं असेल तर झाकण परत लावून दुरुस्तीवाल्याकडे द्यावं.

मी पुढे गेले त्याला कारण होतं. काम सुरू करताच आकडा दोन-तीन सेकंदांत ५० वरून ८० च्या पुढे उडी मारत होता. वाट अडली असेल तर तापमान सावकाश चढत जातं. असं एकदम उसळतं तेव्हा चिपची उष्णता हीटसिंकपर्यंत नीट पोचत नाही, असा अंदाज बांधता येतो.

पंधरा दिवसांनी पेस्ट बदलली. आधी दहा मिनिटं लॅपटॉप चालवून गरम केला, म्हणजे जुनी पेस्ट सैल पडते. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ १ ते ४ आकडे कोरलेले होते. ते उलट्या क्रमाने थोडे थोडे सैल केले आणि हीटसिंक सरळ वर न ओढता किंचित डावी-उजवीकडे हलवून सोडवला. आतली पेस्ट खडूसारखी कोरडी पडली होती. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कॉफी फिल्टरचा कागद भिजवून चिप आणि तांबं दोन्ही पुसले. शेजारच्या छोट्या चिपांवरचे मऊ थर्मल पॅड शाबूत होते, त्यांना हात लावला नाही. पॅडच्या जागी पेस्ट चालत नाही, तेवढं अंतर तिला भरून काढता येत नाही.

लॅपटॉपची चिप उघडी असते, तिच्यावर धातूची टोपी नसते. म्हणून पेस्ट कोपऱ्यांपर्यंत पातळ पसरवली. वीज न वाहणारी साधी पेस्ट घेतली होती. लिक्विड मेटल नवख्याने घेऊ नये. ते वीज वाहतं, ओघळलं तर बोर्ड जातो, आणि ॲल्युमिनियमला खातं.

पहिल्या प्रयत्नात आकडा ९१ आला, आधीपेक्षाही वाईट. चिपमधला एक कोर दुसऱ्यापेक्षा चौदा अंशांनी गरम. परत उघडलं तर पेस्टच्या ठशातच उत्तर होतं: एका कोपऱ्यात जाड थर, समोरच्या कोपऱ्यात जवळजवळ काहीच नाही. मी पहिला स्क्रू पूर्ण आवळूनच दुसऱ्याकडे गेले होते, त्यामुळे हीटसिंक तिरका बसला. उघडलेली पेस्ट तशीच परत दाबायची नसते, तिच्यात हवा अडकते. सगळी पुसून पुन्हा लावली आणि या वेळी १-२-३-४ या क्रमाने प्रत्येक स्क्रू आधी नुसता टेकवला, मग अर्धा-अर्धा फेरा, मग बेताने घट्ट.

तोच व्हिडिओ पुन्हा चालवला. ७६ अंश, आणि दोन कोरमधला फरक चार. जाळीपाशी हात धरला तर वारा गरम आणि जोरदार येत होता.