"नक्की देतो" म्हणून नऊ आठवडे गेले: टेस्टिमोनियल मागण्याचा माझा अनुभव

क्लायंट खूश आहे, पैसे वेळेत दिलेत, फोनवर तोंडभरून कौतुकही करतोय, पण दोन ओळी लिहून द्या म्हटलं की "हो हो नक्की" म्हणून गायब होतो. हे मी भोगलंय आणि खरं सांगायचं तर राग अजून पूर्ण गेलेला नाही म्हणून लिहायला बसलेय. आधी राग क्लायंटवर होता, आता स्वतःवर जास्त आहे, कारण सगळा घोळ ज्या मेसेजने झाला तो मीच टाईप केला होता.

माझं काम म्हणजे गोदामं आणि छोट्या कारखान्यांना स्टॉकचे एक्सेल रिपोर्ट बसवून देणं. एका गोदामात महिनाअखेरीला सिस्टीममधला स्टॉक आणि रॅकवरचा स्टॉक जुळवायला दोन माणसं तीन तीन दिवस बसायची. मी फाईल बसवून दिली, ट्रेनिंग दिलं, पहिली महिनाअखेर झाली आणि तिथल्या स्टोअर्स बघणाऱ्या सरांचा स्वतःहून फोन आला, "मॅडम, आज महिनाअखेर असून सात वाजता घरी पोचलो, बायकोने विचारलं बरं आहे ना सगळं!" मी हसले, थँक्यू म्हणाले आणि फोन ठेवला. हे वाक्य म्हणजेच टेस्टिमोनियल होतं, आणि मी ते कुठे लिहूनसुद्धा ठेवलं नाही.

पुढे तीन आठवड्यांनी वेबसाईट करायला घेतली तेव्हा आठवण झाली आणि मी हा मेसेज टाकला: "सर, आमच्या कामाबद्दल दोन शब्द लिहून दिलेत तर खूप मदत होईल. आणि कुणाला गरज असेल तर आमचं नाव नक्की सुचवा." त्यांचं लगेच उत्तर, "नक्की" आणि अंगठा. मला वाटलं झालं काम.

मग काय, दहा दिवसांनी आठवण केली, "हो मॅडम राहिलंच, या रविवारी बसतो." त्यानंतर ऑडिट लागलं. त्यानंतर घरी पाहुणे. चौथ्या वेळी मेसेज वाचल्याची खूण आली, उत्तर नाही. आणि मग सगळ्यात वाईट भाग, रिपोर्टमधला एक फॉर्म्युला जुन्या कोडची ओळ सोडून देत होता म्हणून मी फोन करत होते तर सर तोही उचलेनात! त्यांना वाटलं असणार ही परत ते दोन शब्द मागायला फोन करतेय. म्हणजे मागितलेलं मिळालं नाही ते नाहीच, वर चांगला क्लायंट मला टाळायला लागला, कारण मी दिसले की त्यांना आपलं देणं आठवायचं.

नवव्या आठवड्यात त्या फॉर्म्युल्यासाठी मी प्रत्यक्षच गेले. काम झालं, चहा आला, आणि सरांनी स्वतःच ओशाळून लॅपटॉप फिरवला. वर्डची फाईल होती, तारीख माझ्या पहिल्या मेसेजच्या चौथ्या दिवसाची, आणि आत दीड ओळ: "सदर सेवेबाबत आम्ही पूर्णपणे समाधानी असून त्यांचे कार्य अत्यंत" आणि पुढे काही नाही. अत्यंत काय ते नऊ आठवड्यांत सुचलं नव्हतं त्यांना. मी विचारलं अडलं कुठे, तर एकेक बाहेर आलं. किती लिहायचं, पान की ओळ? कंपनीचं नाव टाकलं तर वरच्या साहेबांना विचारावं लागेल का? तीन दिवस लागायचे असं लिहिलं तर आधी आमचाच कारभार ढिला होता असं नाही का दिसणार? हे छापणार कुठे? आणि भाषा अशी ऑफिसची हवी ना, फोनवर बोललो तसं कसं लिहिणार?

मी "दोन शब्द" म्हणाले होते आणि त्या दोन शब्दांत मी पाच निर्णय त्यांच्या टेबलावर ठेवून आले होते. माणूस आळशी नव्हता, उलट फार मनावर घेतल्यामुळे अडला होता. माझ्याबद्दल वाईट मत असतं तर कदाचित पाच मिनिटांत काहीतरी खरडून मोकळे झाले असते.

त्याच संध्याकाळी मी नवा मेसेज लिहिला, आणि यात एकही गोष्ट त्यांनी ठरवायची राहणार नाही एवढंच बघितलं. तो जवळजवळ जसाच्या तसा देते:

"सर, पहिल्या महिनाअखेरीला तुम्ही फोनवर जे बोललात ते मी खाली तीन ओळींत लिहिलंय. वेबसाईटच्या पहिल्या पानावर टाकायचा विचार आहे. खाली 'स्टोअर्स मॅनेजर' एवढंच लिहीन, तुमचं आणि कंपनीचं नाव नाही. चुकीचं असेल ते बदला, बरोबर असेल तर फक्त 'चालेल' लिहा. शुक्रवारी पान लावतेय. नको असेल तर 'नको' म्हणा, अजिबात राग नाही.

'महिनाअखेरीला स्टॉक जुळवायला दोन माणसं तीन दिवस बसायची. आता एक माणूस अर्ध्या दिवसात करतो. पहिल्या महिन्यात मी सातला घरी पोचलो तर घरचेच काळजीत पडले.'"

चाळीस मिनिटांत उत्तर! आणि नुसतं चालेल नाही, त्यांनी दुरुस्ती केली, "अर्धा दिवस दर वेळी नाही हो, माल जास्त फिरला तर एक दिवस जातो, तसं लिहा." मला क्षणभर वाईट वाटलं की आकडा कमी झाला, पण लिहून बघितलं तर "अर्ध्या ते एका दिवसात" जास्त खरं वाटतं, आणि नंतर एका नव्या क्लायंटने नेमकी तीच ओळ धरून विचारलं की आमचा माल पण फिरतो, मग आमचं एका दिवसात होईल का. कोऱ्या कागदावर लिहायला दमणारा माणूस दुसऱ्याचं लिहिलेलं मात्र लगेच सुधारतो, हे मला आधी कळायला हवं होतं. अट एकच, मसुद्यात त्यांनी बोललेलंच पाहिजे, आपल्याला ऐकायला आवडलं असतं ते नाही. ते बोललेलं तुमच्याकडे नसेल तर मसुदा करूच नका, एक प्रश्न विचारा: हे येण्याआधी महिनाअखेरीला नेमकं काय व्हायचं? "काम कसं वाटलं" विचारलंत तर उत्तर "छान" येतं आणि संपतं.

हां, गूगलवरच्या रिव्ह्यूला मात्र हे मसुदा प्रकरण लावू नका, तिथे माणसाचं स्वतःचंच हवं. तिथे थेट रिव्ह्यूची लिंक द्यायची (प्रोफाईल शोधायला लावलं की अर्धे तिथेच गळतात) आणि सोबत एक प्रश्न. आणि रिव्ह्यूच्या बदल्यात डिस्काउंट वगैरे गूगलच्या नियमात बसत नाही, मला एकाने सुचवलं होतं म्हणून सांगतेय.

मधला एक मूर्खपणा सांगायचा राहिला. सर टाळत होते त्या काळात मी अकरा जुन्या क्लायंटना एकच मेसेज एकदम पाठवला, "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे" छाप. दोन अंगठे आले, ओळ एकही नाही. असा मेसेज बघताच कळतं की हा सगळ्यांना गेलाय, म्हणजे कुणीतरी देईलच. नंतर त्यातल्याच चौघांना मी एकेकट्याला, त्यांच्या त्यांच्या कामातली एक गोष्ट धरून विचारलं, तिघांनी दिलं. चौथीने मात्र ट्रेनिंग घाईत उरकलंत अशी तक्रार ऐकवली, आणि ती रास्त होती. नेमकं विचारलं की नेमकं ऐकूनही घ्यावं लागतं. नाराज माणसाकडून कितीही सोपं करून मागितलं तरी टेस्टिमोनियल निघत नाही.

आता रेफरलचं. "कुणाला गरज असेल तर सुचवा" याला सर मनापासून हो म्हणाले होते आणि एकही नाव आलं नव्हतं. येणार कुठून, त्यासाठी त्यांना ओळखीची सगळी माणसं डोळ्यासमोर आणून कुणाच्या गोदामात काय चाललंय हे आठवावं लागणार. पण ट्रेनिंगच्या वेळी ते बोलता बोलता म्हणाले होते की त्यांचा जुना सहकारी आता स्पेअर पार्टचं स्टोअर बघतो आणि त्याचंही महिनाअखेरीला हेच रडगाणं असतं. ते मी वहीत टिपलं होतं, नशीब. मग टेस्टिमोनियल लागल्यावर आठवड्याने (दोन्ही एकत्र मागू नका, दोन्ही राहतं) विचारलं: "सर, तुमचे ते स्पेअर पार्टवाले सहकारी, त्यांना खालचा मेसेज पुढे पाठवाल? त्यांचा नंबर मला देऊ नका, त्यांना हवं असेल तर तेच फोन करतील."

आणि खाली पुढे ढकलायचा मेसेज वेगळा, सरांच्या तोंडी शोभेल असा, "आमचा स्टॉक जुळवायला यांनी फाईल करून दिली, तुझं ते महिनाअखेरीचं आठवलं म्हणून पाठवतोय, बघ बोलायचं असेल तर," आणि माझा नंबर. ब्रोशर नाही, पीडीएफ नाही. ब्रोशर पाठवणारा माणूस एजंट वाटतो आणि सरांना मित्रापुढे एजंट व्हायचं नव्हतं. नंबर न मागण्याचं कारणही तेच, मित्राला न विचारता नंबर दिला आणि मी पिच्छा पुरवला तर शब्द त्यांचा जातो. त्यांनी पाचच मिनिटांत "पाठवला" लिहिलं.

दोन दिवसांनी त्या सहकाऱ्यांचा फोन आला, बॅचप्रमाणे स्टॉक दिसेल का विचारत होते, काम होईल की नाही ते अजून ठरलेलं नाही. पण बोलणं झालं हे मी सरांना त्याच दिवशी कळवलं, कारण नाव पुढे करणाऱ्याच्या मनात धाकधूक असतेच की पुढे काय झालं. त्यावर त्यांचं उत्तर आलं, "बरं झालं. अजून एक जण आहे, त्याला विचारतो आणि गुरुवारी सांगतो." या वेळी "नक्की" हा शब्द नव्हता आणि गुरुवारी सकाळी साडेदहाला फोन आला.