भेंडी सेंद्रिय, दाखला हळदीचा

"दाखला आहे ना ताई, बघायचा कशाला?" हे इतक्यांदा ऐकलं की त्या सेंद्रिय दुकानाची पायरी चढणंच सोडलं. बाजारात भेंडी ८० रुपये किलो, त्यांच्याकडे १६०. दुप्पट पैसे मोजणाऱ्याने कागद मागितला तर राग कसला?

जास्त पोषणासाठी मी हे पैसे देत नव्हतेच. २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी जुने अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा जीवनसत्त्वांत ठळक फरक दिसला नव्हता. कीटकनाशकांचे अंश मात्र सेंद्रिय मालात कमी वेळा सापडले होते. माझे जादाचे ८० रुपये त्या अंशांपायी जात होते.

आणि भेंडीच का? तिचा तोडा दिवसाआड होतो. फवारणीनंतर काढणीला जितके दिवस थांबायचं, तितकी ती थांबत नाही. लगेच जून होते. शिवाय आंतरप्रवाही औषध झाडात भिनतं, ते वरवर धुऊन पूर्ण जात नाही. कांद्याची सालंच टाकतो, म्हणून तो मी साधाच घेते.

तर दाखला. आधी "मालक गावाला गेलेत", मग "उद्या व्हॉट्सॲप करतो". शेवटी आला तो पहिल्या पानाचा फोटो, शिक्का वगैरे झकास. पिकांची यादी पुढच्या पानावर असते, ती मागितली तर पुन्हा "उद्या". चिकटून राहिले तेव्हा पान मिळालं. एका शेतकरी गटाची हळद आणि तूर. भेंडीचं नाव नाही. गहू होता, पण त्यापुढे "रूपांतर काळ" लिहिलेलं. म्हणजे रासायनिक शेती सोडली आहे, पण पूर्ण सेंद्रियचा शिक्का अजून मिळायचाय. हंगामी पिकांना त्यात साधारण दोन वर्षं जातात. आणि या गटाचा माल दुकानात आला कसा, त्याचा प्रत्येक खेपेचा वेगळा कागद असतो. तो मागितल्यावर मुलगा म्हणाला, "मॅडम, एवढं कोणी विचारत नाही." विचारायला हवं की!

दाखल्याची मुदतही बघा, ती संपलेली असू शकते.

प्रयोगशाळेतही चौकशी केली. एका नमुन्याला काही हजार रुपये, आणि अहवाल त्या एका किलोपुरता. पुढच्या आठवड्याच्या भेंडीचं काय?

आता तूरडाळ 'जैविक भारत'चं, म्हणजे प्रमाणित सेंद्रिय मालाचं सरकारी चिन्ह असलेल्या पाकिटातली घेते; महिन्याला दोन किलो लागते, किलोमागे ७० रुपये जास्त, म्हणजे १४०. भेंडी आणि पालक आठवडी बाजारातल्या एका शेतकऱ्याकडून. त्याच्याकडे दाखला नाही. वर्षाला १२ लाखांच्या आतली उलाढाल असलेल्या, थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला तो सक्तीचा नाही; फक्त ते चिन्ह त्याला वापरता येत नाही. पण काय फवारलं, कधी फवारलं हे तो न कुरकुरता सांगतो. गेल्या महिन्यात म्हणाला, "या खेपेला मावा फार होता, औषध मारलंय, भेंडी नका घेऊ." मी दुधी घेतला.