भरीत पार्टीला नाही म्हणताना

बुधवार, रात्रीचे साडेदहा. गुड्डू झोपला एकदाचा. आज दिवसभर एका मेसेजवर अडकले होते, चार ओळींचा मेसेज पण सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत लिहित आणि पुसत बसले, मधे भाकरी करपली ते वेगळंच.

झालं असं की सोनूच्या आईने रविवारी घरी येऊन सांगितलं, शुक्रवारी संध्याकाळी सोनूचा वाढदिवस आहे, मळ्यात भरीत पार्टी ठेवलीय, सगळे या. आमच्या खान्देशात थंडीत मळ्यातलं भरीत म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको, तुरकाठ्यांवर वांगी भाजायची, बडगीत ठेचायची, कांद्याची पात, शेंगदाणे, हिरवी मिरची आणि सोबत गरम पुऱ्या. माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. पण शनिवारी साडेअकराला आमच्या गुड्डूचा नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशाचा पेपर. आणि मळ्यात भरीत नऊच्या आत कधी झालंय का? वांगी भाजेपर्यंतच आठ वाजतात, मग केक, मग पोरं केळीच्या बागेत पळत सुटणार, घरी यायला अकरा नक्की.

रविवारी तोंडावर मी काय म्हटलं तर "बघू ताई, जमवू". हीच माझी पहिली चूक. आपल्याकडे बघू म्हणजे अर्धं नाहीच असतं पण समोरच्याने ते हो धरलं की घोळ, कारण वांगी आणि पुऱ्यांचं पीठ माणसं मोजून घ्यायचं असतं, आणि आमच्या घरचीच चार ताटं.

सासूबाई म्हणाल्या, "पोराले जाऊ दे ना, एका रातीनं काय होतं?" बरोबरच आहे एका अर्थी. खरं सांगू का, शुक्रवारी संध्याकाळी मी त्याला एकही गणित सोडवायला देणार नाहीये, अभ्यास व्हायचा तेवढा झालाय. माझी काळजी झोपेची आहे. पेपरात 80 प्रश्न, दोन तास, त्यातले 40 प्रश्न मानसिक क्षमतेचे म्हणजे सगळ्या आकृत्या, वेगळी आकृती ओळखा, आरशातली कोणती, अपूर्ण आकृती पूर्ण करा असलं. तिथे डोळे ताजे लागतात. सराव पेपरांत सकाळी बसवलं की गुड्डूचे 40 पैकी 34 बरोबर येतात, आणि मागच्या महिन्यात लग्नाहून रात्री उशिरा आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी 26. चुका कोणत्या तर आरशातल्या आकृतीत डावं-उजवं उलट, येत नव्हतं असं नाहीच. एक प्रश्न सव्वा मार्काचा, म्हणजे आठ प्रश्नांचे दहा मार्क गेले. जिल्ह्याच्या साकेगावच्या शाळेत सहावीला जास्तीत जास्त 80 पोरं घेतात आणि ही परीक्षा पुन्हा देता येत नाही, एकदाच. म्हणून नाहीच जायचं असं ठरवलं.

आता मेसेज. पहिला लिहिला तो असा, "ताई सॉरी, शनिवारी नवोदय आहे, तुम्हाला माहितीच आहे किती कॉम्पिटिशन असते, एकच चान्स, म्हणून यावेळी जमणार नाही." पाठवणारच होते आणि हात थांबला. सोनूचा फॉर्म राहिलाय ना. कागदपत्रं गोळा होईपर्यंत शेवटची तारीख गेली, तेव्हा ताई माझ्याजवळ रडल्या होत्या. त्यांना मी कॉम्पिटिशन आणि एकच चान्स ऐकवणार? कारण खरं होतं पण त्यांना टोमणाच वाटला असता. पुसला.

मग मनात आलं ताप आलाय म्हणून सांगू. पण गुड्डू शुक्रवारी शाळेत सोनूच्या शेजारीच बसणार, मग त्यालाही शिकवायचं का खोटं बोलायला? नको.

पोरांच्या पालकांच्या ग्रुपवर उत्तर टाकायचाही विचार आला, निमंत्रणाचं कार्ड तिथेही आलंय. तेही बरं झालं नाही टाकलं. वर्गातली सहा-सात पोरं परीक्षेला बसतायत, एकीने तिथे "परीक्षा आहे" लिहिलं की मागोमाग सगळ्या तेच लिहिणार आणि सोनूच्या वाढदिवसाला निम्मी पोरं गायब. ज्याला जायचंय त्याने आपलं आपण ठरवावं, माझ्यामुळे नको.

शेवटी मेसेज आधी गुड्डूला वाचून दाखवला. आधी अर्थातच रडारड, "मी नऊला परत येईन ना", मग गप्प, मग विचारलं, सोनूला राग येईल का. मी म्हटलं येऊ शकतो, तू काय करशील? तर म्हणाला कार्ड बनवतो. मग त्याचं कार्ड पण मेसेजात घातलं आणि ताईंना पर्सनलवर पाठवला:

"ताई, सोनूला दहाव्या वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा! तुम्ही घरी येऊन बोलावलंत, खूप बरं वाटलं. रविवारी मी बघू म्हटलं होतं, तर शुक्रवारी आम्हा कोणालाच यायला जमणार नाही, आमची चार ताटं धरू नका. गुड्डूचा शनिवारी सकाळी पेपर आहे, मळ्यातून यायला उशीर होईल म्हणून त्याला लवकर झोपवतेय. सोनूसाठी त्याने कार्ड बनवलंय, शुक्रवारी शाळेत देईल. शनिवारी संध्याकाळी सोनूला आमच्याकडे पाठवाल का? दोघं खेळतील, जेवूनच येईल."

नवोदय हा शब्द काढून टाकला, नुसतं पेपर लिहिलं. त्यांना कळायचं ते कळेलच. "पार्टी रविवारी ठेवता आली असती तर" असं पण एक वाक्य होतं, ते काढलं, वाढदिवस पोराचा, तारीख आपण कोण सुचवणार. आणि सॉरी एकदाही नाही लिहिलं, आधीच्या मेसेजात होतं, वाचताना मलाच वाटत होतं की काहीतरी लपवतेय.

मग तीन तास काहीच नाही. निळ्या टिक आल्या, नुसता अंगठा आला. अंगठा म्हणजे राग की ठीक? मी आपली भांडी घासता घासता दहा वेळा फोन बघितला. आमचे हे म्हणाले, अगं अंगठा म्हणजे अंगठा. पुरुषांना काय कळतंय.

सहा वाजता ताईंचाच फोन. म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही स्पष्ट सांगितलं, अजून पाच घरं बघू-बघू करताहेत, मी वांगी किती किलो आणू तेच कळेना." मग हळूच म्हणाल्या, गुड्डूला सांगा आकृत्या नीट बघ म्हणावं, सोनूलाही यायच्या त्या. मला पुढे काही बोलताच आलं नाही, नुसतं हो म्हटलं. शनिवारी सोनू येणार आहे, आणि येताना डब्यात भरीत आणणार आहे, मिरची कमी घालून वेगळं काढून ठेवते म्हणाल्या.

कार्ड टेबलावर पडलंय. दोन पोरं आणि एक भलंमोठं वांगं काढलंय, वांग्याला मिशा आहेत. हॉल तिकिटाची झेरॉक्स काढायची राहिलीय, आणि काळा बॉलपेन नवीन घ्यायचाय, घरातले सगळे अडकत चालतात.